दोन्ही खांब एकाच जोत्यावर

महाडहून बिरवाडीमार्गे शिवथरच्या खोऱ्यात शिरलं की डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या कडेनं घरं दिसू लागतात. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी इथली गावं. कुंभे शिवथरच्या वरच्या अंगाला धबधब्यामागची ती प्रसिद्ध घळ. इथली जुनी घरं दगडी जोत्यावर उभी आहेत. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून घर अंगणापेक्षा हात-दीड हात उंच उचललेलं असतं. आता दोन भावांत उंच कोण हे ठरवायचं असेल आणि एक जोत्यावर, दुसरा अंगणात उभा राहिला, तर पहिलीतलं पोरसुद्धा ओरडेल, “तसं नाही, खाली उतर!” उंची मोजायची तर दोघांचे पाय एकाच जमिनीवर हवेत, हे कुणी शिकवावं लागत नाही.

कागदावरचे खांब मोजताना मात्र तीच माणसं फसतात. शाळेत ज्याला स्तंभालेख म्हणतात, त्यातला प्रत्येक स्तंभ कशावर तरी उभा असतो. ती जमीन शून्याची आहे की मधेच कुठून तरी सुरू झाली आहे, हे बघायला डोळा खाली जातच नाही. तो स्तंभांच्या वरच्या टोकांकडे जातो, कोण उंच, कोण बुटकं हे क्षणात ठरवतो आणि पुढच्या पानावर सरकतो. अक्षावरचे आकडे वाचेपर्यंत मत बनलेलं असतं.

याच खोऱ्यातल्या माणसांची मोजणी उदाहरण म्हणून घेता येते. महाड-पोलादपूरच्या आतल्या गावांत कुलूप लागलेली घरं नवी नाहीत. कमावता माणूस मुंबईला, पुण्याला, सुरतेला. गणपतीला आणि शिमग्याला दारं उघडतात, पडवीत वर्दळ होते, मग पुन्हा म्हातारीकोतारी उरतात. कोकण रिकामं होतंय, हे वाक्य म्हणून तर सगळ्यांच्या तोंडी असतं. पण किती रिकामं होतंय? हे आकड्यांत सांगायचं आणि चित्रात दाखवायचं म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते.

महाडच्या दक्षिणेला लागूनच रत्नागिरी जिल्हा. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी. एवढी माणसं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. म्हणजे ज्या मुंबईकडे कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या धावला, त्या मुंबईच्या मूळ बेटावरूनही माणसं उपनगरांकडे आणि ठाण्याकडे सरकत होती.

आता हे दोन आकडे स्तंभांत मांडायचे आहेत. आलेख-कागद घेतला, उभ्या अक्षाला दहा सेंटिमीटर जागा ठेवली. काढणाऱ्यानं विचार केला, दोन्ही आकडे सोळा आणि सतरा लाखांच्या मधले आहेत, तर खालची मोकळी जागा कशाला वाया घालवायची? अक्ष सोळा लाखांपासून सुरू केला आणि सतरा लाखांवर संपवला. एक सेंटिमीटर म्हणजे दहा हजार माणसं. २००१ चा स्तंभ आला जवळजवळ ९.७ सेंटिमीटर उंच आणि २०११ चा आला दीड सेंटिमीटर. पहिला ताडासारखा, दुसरा त्याच्या बुंध्याशी उगवलेल्या गवतासारखा. हे चित्र बघणाऱ्याला वाटेल की दहा वर्षांत रत्नागिरी ओस पडली, सहा माणसांतला एक उरला. आकडे सगळे खरे आहेत. अक्षावरचं लेखनही बिनचूक आहे. तरी चित्रानं सांगितलेली गोष्ट धादांत खोटी आहे.

खोटेपणा किती, हे मोजताही येतं. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात त्यासाठी एक साधा भागाकार सुचवला. चित्रात बदल किती टक्के दिसतो ते काढायचं, आकड्यांत प्रत्यक्षात किती टक्के झाला ते काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर एकच्या जवळपास आलं तर चित्र प्रामाणिक. रत्नागिरीची खरी घट ४.८ टक्के. सोळा लाखांवर उभ्या केलेल्या चित्रात स्तंभ ८४ टक्क्यांनी आखूड झाला. भागाकार येतो साडेसतरा. बदल साडेसतरापट फुगवून दाखवला गेला.

तोच आलेख शून्यापासून काढला तर? एक सेंटिमीटर म्हणजे दोन लाख माणसं धरली, तर पहिला स्तंभ साडेआठ सेंटिमीटरच्या किंचित आत आणि दुसरा आठच्या किंचित वर. फरक चार मिलिमीटर. डोळ्याला तो दिसतो, पण त्यानं छाती दडपत नाही. शंभरातली पाच माणसं गेली तर शंभरातलं जेवढं जायला हवं, तेवढंच चित्रातूनही गेलं.

यामागचं कारण स्तंभाच्या स्वभावातच आहे. स्तंभालेखात संख्या सांगितली जाते ती लांबीनं. स्तंभ दुप्पट लांब म्हणजे वस्तू दुप्पट, एवढा एकच करार काढणारा आणि बघणारा यांच्यात असतो. लांबी मोजायची तर ती कुठून तरी मोजावी लागते. बुंधा कापून टाकला की उरलेल्या तुकड्याची लांबी कशाचीच राहत नाही. रेषालेखाचं तसं नसतं. तिथं डोळा रेघेचा चढ-उतार वाचतो, जमिनीपासूनची उंची नव्हे. म्हणून तापमानाचा किंवा बाजारभावाचा रेषालेख शून्यापासून सुरू झाला नाही तरी बिघडत नाही. अर्थात रेघ किती उभी चढते तेही अक्षाच्या ताणण्यावर अवलंबून असतंच, पण तिथं लांबीचा करार मोडलेला नसतो. स्तंभाला ही सवलत नाही.

स्तंभालेखाच्या जन्माची गोष्टही इथं सांगण्यासारखी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचं एक पुस्तक काढलं. त्यातले जवळजवळ सगळे आलेख रेघांचे होते, वर्षामागून वर्ष सरकणारे. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. वर्षं नाहीत तर रेघ कशी ओढणार? मग त्यानं सतरा देशांशी झालेल्या आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक काढल्या. नाइलाजानं सुचलेली ही युक्ती पुढे जगभर पसरली. त्या पट्ट्या शून्यापासून निघतात, कारण त्याला सांगायचं होतं ते ‘किती’. ‘किती बदललं’ हा प्रश्न त्या चित्रात नव्हताच.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला इथं एक शंका येईल. दहावीच्या आयतालेखात अक्षावर वाकडीतिकडी खूण काढायला शिकवतात. तिला अक्षसंकोच म्हणतात, म्हणजे मधला भाग गाळला आहे असा कबुलीजबाब. मग तीच खूण काढून सोळा लाखांपासून सुरुवात केली तर काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. शाळेतला तो संकोच बहुतेक वेळा आडव्या अक्षावर असतो. वजनाचे वर्ग ४० किलोपासून सुरू होत असतील तर ० ते ४० ची मोकळी जागा गाळली तरी आयतांच्या उंचीला धक्का लागत नाही, ते फक्त डावीकडे सरकतात. उभ्या अक्षावर संकोच केला की प्रत्येक स्तंभाची उंची कापली जाते आणि ती सुद्धा सारख्या प्रमाणात नाही. सगळ्यांतून सारखाच तुकडा जातो, त्यामुळे बुटक्याचं नुकसान जास्त होतं. वाकडी खूण कितीही ठळक काढली तरी डोळा कापलेला भाग मनात परत जोडून बघत नाही.

बरं, हे दरवेळी कुणी मुद्दाम करतं असंही नाही. एक्सेलमध्ये रत्नागिरीचे हे दोनच आकडे भरून स्तंभालेख मागवला, तर ते आपणहून अक्ष शून्याच्या कितीतरी वरून सुरू करतं. त्याचा नियम ठरलेला आहे. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत छोटा आकडा यांच्यातलं अंतर मोठ्या आकड्याच्या एकषष्ठांशापेक्षा कमी असेल, तर ते शून्य सोडून देतं आणि छोट्या आकड्याच्या थोडं खाली जमीन घालतं. रत्नागिरीच्या बाबतीत ती जमीन साडेपंधरा लाखांच्या जरा पुढे-मागे येते आणि एक स्तंभ दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा दिसू लागतो. अंतर एकषष्ठांशाहून जास्त असलं की तेच एक्सेल शून्यापासून मुकाट्यानं आलेख काढतं. म्हणजे बदल जितका लहान, तितका तो मोठा करून दाखवला जाण्याचा धोका जास्त. कार्यालयात अहवाल करणाऱ्या माणसानं आकडे बरोबर भरले, बटण दाबलं, चित्र चिकटवलं. त्याच्या हातून चूक झाली ती फक्त अक्षाकडे न बघण्याची. अक्षावर उजवी टिचकी मारून `Format Axis` उघडलं आणि `Minimum` च्या चौकटीत ० लिहिलं की काम होतं.

पण दुसरी चूक अशी आहे की जमीन शून्याची ठेवूनही ती होते, आणि पहिलीपेक्षा ती पकडायला अवघड जाते.

समजा, कुणाला कोकणातल्या तीन जिल्ह्यांचं ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवायचं आहे. डाव्या पानावर २००१, उजव्या पानावर २०११. दोन्हीकडे तीन-तीन स्तंभ : रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. रायगडची लोकसंख्या २००१ मध्ये २२,०७,९२९ होती, ती २०११ मध्ये २६,३४,२०० झाली, म्हणजे १९.३ टक्के वाढली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, घट २.२ टक्के. रत्नागिरीचे आकडे वर आलेच आहेत.

दोन्ही आलेख वेगवेगळे काढले आणि अक्ष संगणकावर सोडला, तर तो प्रत्येक चित्र आपापल्या चौकटीत नीट बसवतो. पहिल्यात सगळ्यांत मोठा आकडा बावीस लाखांचा, म्हणून अक्ष शून्य ते पंचवीस लाख. दुसऱ्यात सव्वीस लाखांचा, म्हणून शून्य ते तीस लाख. दोन्ही चौकटी दहा-दहा सेंटिमीटर उंच. आता पट्टी घेऊन मोजावं. डावीकडे रायगडचा स्तंभ ८.८३ सेंटिमीटर, उजवीकडे ८.७८. सव्वाचार लाखांहून जास्त माणसं वाढली आणि स्तंभ अर्ध्या मिलिमीटरनं खाली आला! रत्नागिरी ६.७९ वरून ५.३८ वर, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी असलेली घट चित्रात एकवीस टक्क्यांची झाली. सिंधुदुर्ग ३.४८ वरून २.८३ वर, खरी घट दोन टक्क्यांची, दिसते साडेअठरांची. हे चित्र बघून कुणी म्हणालं की सगळं कोकण ओसरतंय, रायगड तेवढा कसाबसा टिकून आहे, तर त्याला दोष देता येणार नाही. चित्र तेच सांगतं.

इथं जोतं दोन्हीकडे सारखंच होतं, शून्याचं. बदलली ती मोजपट्टी. डावीकडे एक सेंटिमीटर म्हणजे अडीच लाख माणसं, उजवीकडे तीन लाख. एका कापडाला मीटरनं आणि दुसऱ्याला वारानं मोजून आकडे शेजारी लावावेत तसं हे झालं. शाळेत आलेख-कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : Y अक्षावर १ सेमी = अमुक’ असं लिहायला लावतात. विसरलं की गुण कापतात. पुष्कळ मुलांना तो नुसता जाच वाटतो. पण दोन आलेखांच्या कोपऱ्यांत ‘१ सेमी = २.५ लाख’ आणि ‘१ सेमी = ३ लाख’ असं लिहिलेलं असतं, तर ही गफलत तिथल्या तिथं उघडी पडली असती. संगणकाच्या आलेखातून तो कोपरा गेला आणि त्याबरोबर ही तपासणीही गेली.

दुरुस्ती सोपी आहे. दोन्ही चित्रांतला मिळून सगळ्यांत मोठा आकडा घ्यायचा, तो सामावेल असा एकच वरचा टोक-आकडा ठरवायचा आणि दोन्हीकडे `Minimum` ० आणि `Maximum` ३०००००० असं हातानं लिहायचं. चौकटींची उंचीही सारखी ठेवायची, कारण छपाईत एक चित्र जरा ताणलं गेलं तरी प्रमाण पुन्हा बिघडतं. आता रायगड ७.३६ वरून ८.७८ वर चढतो, रत्नागिरी ५.६६ वरून ५.३८ वर उतरतो आणि सिंधुदुर्ग २.९० वरून २.८३ वर, जेमतेम हलतो. एक वाढला, एक थोडा घटला, एक जवळजवळ जागेवर राहिला. याहूनही बरं म्हणजे दोन पानांचा हट्ट सोडून द्यावा आणि शाळेतला जोडस्तंभालेख काढावा : प्रत्येक जिल्ह्याचे दोन्ही वर्षांचे स्तंभ अंगाला अंग लावून, एकाच अक्षावर. मग प्रमाण वेगळं व्हायला जागाच उरत नाही आणि रत्नागिरीची तुलना रत्नागिरीशी करायला नजर पानभर फिरवावी लागत नाही.

यावर एक रास्त तक्रार येते. सिंधुदुर्गची घट मिलिमीटरहूनही कमी दिसत असेल तर ती न दाखवल्यासारखीच झाली. एकोणीस हजार माणसं म्हणजे कितीतरी वाड्या. तालुक्यांवर आलं की ही अडचण आणखी वाढते. २०११ मध्ये पनवेल तालुक्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात होती आणि पोलादपूरची पंचेचाळीस हजारांच्या. आठ लाखांपर्यंतचा अक्ष दहा सेंटिमीटरात बसवला तर अख्खं पोलादपूर सहा मिलिमीटरांपेक्षाही कमी उंचीचं होतं. तिथून पाच हजार माणसं उठून गेली तरी स्तंभ जाड पेन्सिलीच्या रेघेएवढाही खाली येणार नाही. पनवेलच्या शेजारी उभं केलं की पोलादपूरचं दुःख कागदावर उमटतच नाही.

म्हणून शून्य सोडायचं का? नाही, प्रश्न बदलायचा. ‘किती माणसं आहेत’ हे दाखवायचं नसून ‘किती बदल झाला’ हे दाखवायचं असेल, तर बदलाचाच आलेख काढावा. त्यालाही शून्य असतंच, आणि तिथल्या शून्याचा अर्थ असतो ‘काहीच बदललं नाही’. एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास हजार माणसं धरली, तर रायगडचा स्तंभ शून्याच्या वर साडेआठ सेंटिमीटर चढतो, रत्नागिरीचा खाली १.६ सेंटिमीटर उतरतो आणि सिंधुदुर्गचा खाली चार मिलिमीटरच्या आसपास. आता घट लपत नाही आणि फुगतही नाही. आकारानं फार वेगळे तालुके असतील तर हाच बदल टक्क्यांत मांडावा. मग पोलादपूर आणि पनवेल एका रांगेत उभे राहू शकतात. त्याला एक मर्यादा आहे : लहान तालुक्यात हजार-पाचशे माणसांनीही टक्का मोठा हलतो. म्हणून स्तंभाच्या टोकाशी मूळ संख्या लिहिलेली बरी.

इथवर शून्य म्हणजे खरंखुरं शून्य होतं : एकही माणूस नाही. पण काही मोजमापांचं शून्य नुसतं मानलेलं असतं, आणि तिथं हट्टानं शून्यापासून स्तंभ उभा केला तर तोही फसवतो. त्याचं उदाहरण शिवथरहून फार लांब नाही. ते महाडच्या पुलाखालून वाहतं.

सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते आणि घाट उतरून पोलादपूर, महाड असं करत समुद्राकडे जाते. वर महाबळेश्वरात धो-धो पडलं की खाली महाडच्या बाजारपेठेत धाकधूक सुरू होते. २३ जुलै २०२१ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच पावसात, २२ जुलैला, तळीये गावावर डोंगर कोसळला. पावसाच्या आकड्याला खरं शून्य आहे. पाऊस पडला नाही तर शून्य, दुप्पट पडला तर दुप्पट. म्हणून पावसाचे स्तंभ शून्यापासूनच हवेत, आणि महाबळेश्वर व महाड यांचा पाऊस शेजारी दाखवायचा तर एकाच पट्टीनं हवेत.

नदीच्या पातळीचं तसं नाही. पावसाळ्यात रायगड जिल्ह्याच्या रोजच्या पूरस्थितीच्या नोंदीत प्रत्येक नदीची इशारा पातळी, धोका पातळी आणि त्या वेळची पातळी मीटरमध्ये दिलेली असते. सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर आहे, रोह्याच्या कुंडलिकेची २३.९५ मीटर आणि पाताळगंगेची २१.५२ मीटर. याचा अर्थ कुंडलिका सावित्रीच्या चौपट खोल आहे असा मुळीच नाही. मोजणीचं शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, एवढंच. आता समजा एखाद्या दिवशी कुंडलिका २२.७० मीटरवर आहे आणि सावित्री ६.९० मीटरवर. शून्यापासून स्तंभ काढले तर कुंडलिकेचा स्तंभ सावित्रीच्या तिपटीहून उंच येईल आणि बघणारा म्हणेल, रोह्याचं काही खरं नाही. प्रत्यक्षात कुंडलिका धोक्याच्या सव्वा मीटर खाली आहे आणि सावित्री चाळीस सेंटिमीटर वर, म्हणजे महाडमध्ये पाणी शिरण्याची भीती आहे. नियम पाळून काढलेलं चित्र इथं जीवावर बेतू शकतं.

या आलेखाची जमीन म्हणजे धोका पातळी. त्या रेघेवर शून्य मानावं आणि प्रत्येक नदीचा स्तंभ तिथून वर किंवा खाली काढावा. सावित्री ०.४० मीटर वर, कुंडलिका १.२५ मीटर खाली. आता उंचीला अर्थ आला. दोन दिवसांची किंवा दोन वर्षांच्या पुरांची तुलना करायची असेल, तर रेघही तीच आणि एक सेंटिमीटरला किती मीटर हेही तेच ठेवावं लागेल, नाहीतर रायगड-रत्नागिरीचा तो खेळ इथंही होईल.

जनगणनेतलंही एक मोजमाप याच जातीचं आहे. दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया, हे लिंग-गुणोत्तर. २०११ मध्ये ते रत्नागिरीत ११२२, सिंधुदुर्गात १०३६ आणि रायगडात ९५९ होतं. शून्यापासून स्तंभ काढले तर तिन्ही जवळपास सारखे दिसतात आणि काहीच कळत नाही. नऊशेपासून काढले तर रत्नागिरीचा स्तंभ रायगडच्या जवळजवळ चौपट दिसतो. जणू तिथं चौपट बायका आहेत. पण या मोजमापाची खरी जमीन आहे हजार, जिथं स्त्रिया आणि पुरुष बरोबरीनं असतात. हजारावर रेघ ओढली की रत्नागिरी १२२ नं वर, सिंधुदुर्ग ३६ नं वर आणि रायगड ४१ नं खाली. एका नजरेत कळतं की एका जिल्ह्यातून पुरुष मोठ्या संख्येनं बाहेर गेले आहेत आणि दुसऱ्यात, पनवेल-उरणच्या बाजूला, कामाच्या शोधात आलेले पुरुष भरत आहेत. शिवथरच्या खोऱ्यातली कुलपं आणि पनवेलच्या नव्या इमारती या दोन्हींची बेरीज होऊन ते ९५९ आलेलं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. जिल्ह्याचा एकच स्तंभ त्यातल्या डोंगराळ तालुक्यांबद्दल काहीच बोलत नाही.

दुसऱ्याचा आलेख वाचताना काय बघायचं, तेही यातूनच निघतं. आधी नजर मुद्दाम खाली न्यावी : स्तंभ कोणत्या आकड्यावर उभे आहेत? तो आकडा शून्य नसेल, तर तिथं धोका पातळी किंवा हजारासारखा काही अर्थ आहे का? मग, चित्रं दोन असतील तर दोन्ही अक्षांचे वरचे टोक-आकडे ताडून बघावेत. शेवटी, स्तंभांवर संख्या लिहिलेल्या असतील तर अंगठ्यानं स्तंभ झाकून नुसते आकडे वाचावेत. १६.९७ लाख आणि १६.१५ लाख हे आकडे वाचून जेवढा धक्का बसतो, त्याहून कितीतरी मोठा धक्का चित्र बघून बसत असेल, तर अक्ष कापलेला आहे असं समजावं. अक्षच दिलेला नसेल तर पट्टीनं दोन्ही स्तंभ मोजून भागाकार करावा आणि आकड्यांच्या भागाकाराशी जुळतो का ते बघावं. वर्तमानपत्रातल्या चित्रावर हे अर्ध्या मिनिटात होतं.

आता पुढची जनगणना येते आहे. तिचा संदर्भ-क्षण १ मार्च २०२७ आहे आणि घरोघरची माणसांची मोजणी त्याआधी, फेब्रुवारीत. शिमगा तेव्हा अजून पुढेच असेल, म्हणजे चाकरमानी मुंबईतच असतील आणि तिथंच मोजले जातील. २०११ च्या वेळीही असंच झालं होतं : मोजणी फेब्रुवारीत झाली आणि होळी आली १९ मार्चला. त्या दृष्टीनं दोन्ही मोजण्या एकमेकींशेजारी ठेवायला हरकत नाही. पण अंतर यावेळी दहा वर्षांचं नसून सोळांचं असेल. २००१, २०११ आणि २०२७ हे तीन स्तंभ सारख्या अंतरावर उभे केले, तर शेवटचा बदल मागच्या दशकापेक्षा जोरात झाल्यासारखा वाटेल, निव्वळ वर्षं जास्त म्हणून. आडव्या अक्षालाही पट्टी असते. शेवटच्या दोन स्तंभांमधली जागा पहिल्या दोघांमधल्या जागेच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवावी लागेल किंवा बदल दरवर्षाच्या सरासरीत मांडावा लागेल.

आणि ज्यानं २००१-२०११ साठी `Maximum` च्या चौकटीत तीस लाख लिहून ठेवले असतील, त्यानं नवा आकडा भरण्याआधी ती चौकट पुन्हा उघडायला हवी. हातानं लिहिलेली मर्यादा एक्सेल आपणहून वाढवत नाही. रायगडचा आकडा तीस लाखांच्या पलीकडे गेला, तर स्तंभ वरच्या रेघेला टेकून गुपचूप कापला जाईल आणि तेहतीस लाख असोत की पस्तीस, चित्रात तीसच दिसतील. तेव्हा तिन्ही वर्षांची चित्रं नव्या, सगळ्यांत मोठ्या आकड्याला सामावणाऱ्या पट्टीवर पहिल्यापासून काढावी लागतील, जुनी छापून झालेली दोन धरून.